अमोनिया न बनवणाऱ्या उत्प्रेरकाचा प्रबंध

द्रावणाच्या नमुन्यात सॅलिसिलेट आणि हायपोक्लोराइट घालायचं, तासाभराने बघायचं. निळा रंग आला की अमोनिया आहे. निळेपणा जितका गडद तितका अमोनिया जास्त. तो डोळ्यांनी न जोखता यंत्राने मोजतात. रसायनशास्त्रात पीएचडी करणाऱ्या कितीतरी मुलामुलींची आशा गेल्या काही वर्षांत या निळ्या रंगावर टांगलेली होती. हवेतला नायट्रोजन, पाणी आणि वीज एवढ्या सामग्रीतून अमोनिया बनवून देणारा उत्प्रेरक, म्हणजे कॅटॅलिस्ट, शोधायचा हा त्यांचा विषय. रंग यायचा. पंचाईत अशी, की नायट्रोजनच्या जागी आर्गॉन वायू सोडला तरी रंग यायचा.

आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही आणि त्यात नायट्रोजनही नसतो. तेव्हा आर्गॉनखाली तितकाच अमोनिया दिसला, तर तो उत्प्रेरकाने हवेतून ओढून बनवलेला नाही, कुठून तरी आधीच आत शिरलेला आहे. हे कळतं तेव्हा बहुधा चौथं वर्ष चालू असतं, फेलोशिप संपत आलेली असते आणि प्रबंधाची निम्मी प्रकरणं टाइप होऊन पडलेली असतात. उरतं ते शेवटचं प्रकरण, ‘निष्कर्ष’. जे घडायला हवं होतं ते घडलंच नाही, तर तिथे लिहायचं काय?

आधी हा खटाटोप कशासाठी ते थोडक्यात. युरियाच्या गोणीमागे अमोनिया असतो आणि तो आजही हाबर-बॉश पद्धतीनेच बनतो: लोखंडाचा उत्प्रेरक, ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या शंभर-दोनशे पट दाब. त्यासाठी लागणारा हायड्रोजन मुख्यतः नैसर्गिक वायूतून काढतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड भरपूर बाहेर पडतो. हेच काम साध्या तापमानाला, सौर विजेवर, शेताच्या बांधावर ठेवलेल्या छोट्या संचात झालं तर कुणाला नको आहे? पण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध फार चिवट. पाण्यात वीज सोडली की इलेक्ट्रॉन या बंधाच्या वाटेला जाण्याऐवजी पाण्यातून हायड्रोजन काढण्याची सोपी वाट धरतात. परिणामी खरा अमोनिया तयार झालाच तर तो इतका कमी असतो, की इकडून तिकडून आलेला अमोनिया त्याला सहज झाकून टाकतो.

आणि इकडून तिकडून येणारा अमोनिया भरपूर असतो. माणसाच्या श्वासात तो असतो, हातमोज्यांवर असतो. संचातले दोन कप्पे वेगळे ठेवणारा नॅफिऑनचा पडदा तो शोषून घेतो आणि पुढच्या प्रयोगात सोडतो. रसायनांच्या बाटल्यांमध्ये नायट्रेटचे अंश असतात आणि वीज लागली की नायट्रेटचाही अमोनियाच होतो. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातल्या सुझान अँडरसन, इब चोर्केंडॉर्फ आणि त्यांच्या अमेरिकी व ब्रिटिश सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘नेचर’मध्ये या सगळ्याची झाडाझडती घेतली. खऱ्या अमोनियाची खात्री कशी करायची याची काटेकोर पद्धत त्यांनी आखून दिली. त्यांनी तपासलेल्या उत्प्रेरकांपैकी त्या परीक्षेत टिकली ती लिथियमची पद्धत, तीही पाण्यात नव्हे, सेंद्रिय द्रावकात. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, ‘सायन्स’ने हवा आणि वाफेपासून अमोनिया बनवल्याचा २०१४ मधला एक गाजलेला शोधनिबंध मागे घेतला. म्हणजे रंगाला फसलेला विद्यार्थी एकटा नव्हता.

आता एक प्रबंध हातात घेऊ. तो मी उदाहरणासाठी रचला आहे आणि आकडेही हिशेब दाखवण्यापुरते आहेत. पण त्यातल्या चुका या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही ओळखीच्या वाटतील.

विद्यार्थिनीने कार्बनच्या भुकटीवर लोहाचे बारीक कण बसवून उत्प्रेरक केला. लोह आणलं फेरिक नायट्रेटमधून. स्वस्त आहे, पाण्यात पटकन विरघळतं, सगळे तेच वापरतात. भुकटी भिजवायची, वाळवायची, भट्टीत तापवायची, की नायट्रेट उडून जातं आणि लोह मागे उरतं, असा समज. एक चौरस सेंटिमीटरच्या इलेक्ट्रोडवर एक मिलिग्रॅम उत्प्रेरक लावला, ३० मिलिलिटर द्रावणात दोन तास एक मिलिअँपिअर वीज सोडली, नायट्रोजनचे बुडबुडे चालू ठेवले. अमोनिया निघाला मिलिलिटरमागे ०.४२ मायक्रोग्रॅम. वीज न लावता तेवढाच वेळ ठेवलं तर फक्त ०.१२. वीज लावल्यावर वाढतो, बंद असताना नाही. आणखी काय पुरावा हवा? खर्चलेल्या विजेपैकी तीन टक्के अमोनियात गेली असा हिशेब मांडून चौथं प्रकरण तयार झालं. पाचव्यात तोच इलेक्ट्रोड पुन्हा वापरला तर दुसऱ्या फेरीत ०.२१ आणि तिसऱ्या फेरीत ०.१४ आला. त्याला तिने ‘उत्प्रेरकाचा ऱ्हास’ म्हटलं आणि कारण म्हणून कणांचे गोळे होत असावेत असं लिहिलं.

मग एका परिषदेत कुणीतरी आर्गॉनचं विचारलं. तीन वेळा करून बघितलं: आर्गॉनखाली सरासरी ०.४०, नायट्रोजनखाली ०.४२, आणि प्रत्येक मालिकेतला चढउतार ०.०३ ते ०.०४. दोन्ही आकडे एकच म्हणायचे. नायट्रोजन-१५ या जड नायट्रोजनचा छोटा सिलिंडर मागवला. त्याच्यापासून बनलेला अमोनियम एनएमआरच्या आलेखात दोन शिखरं दाखवतो, साध्या नायट्रोजनचा तीन. आलेखात सारख्या उंचीची तीन शिखरं आली. दोनांचा मागमूसही नाही. शेवटी न वापरलेला उत्प्रेरक पाण्यात ढवळून ते पाणी तपासलं, तर एका मिलिग्रॅममधून पंचेचाळीसएक मायक्रोग्रॅम नायट्रेट निघालं. भट्टीत ते उडालंच नव्हतं. मिठाच्या एका बारीक कणाच्या निम्म्याएवढं हे नायट्रेट. पण विजेमुळे वाढलेल्या सगळ्या अमोनियाचा हिशेब त्यात बसतो.

वीज बंद असताना नायट्रेट नुसतं विरघळून राहतं, त्याला निळा रंग येत नाही. वीज लावली की त्याचा अमोनिया होतो. म्हणून विजेविना केलेली चाचणी इथे फसवी ठरली. आणि पाचव्या प्रकरणातला ‘ऱ्हास’ म्हणजे साठलेलं नायट्रेट फेरीगणिक संपत जाणं होतं.

अशा वेळी निष्कर्षाचं प्रकरण बिघडतं ते ठरावीक तऱ्हांनी. पहिली तऱ्हा झाकपाकीची: आर्गॉनचे आकडे परिशिष्टात ढकलायचे आणि निष्कर्षात ‘आशादायक क्षमता दिसून आली, अधिक संशोधनाची गरज आहे’ असं गुळमुळीत लिहायचं. दुसरी रडकी: वेळ कमी पडला, सिलिंडर उशिरा आला, यंत्र नादुरुस्त होतं. तिसरी मला सगळ्यांत धोक्याची वाटते, कारण ती प्रामाणिक दिसते: ‘लोह-कार्बन उत्प्रेरक नायट्रोजनपासून अमोनिया बनवू शकत नाही.’ हे वाक्य धाडसी आहे, पण प्रयोगाने ते सिद्ध केलेलं नाही. प्रयोगाने एवढंच दाखवलं, की या पद्धतीने केलेल्या या भुकटीवर, या द्रावणात, या विद्युतदाबाला, साध्या तापमानाला अमोनिया तयार होत असलाच तर तो मापनाच्या पलीकडे आहे. ‘नाही’ला हद्द लागते, आणि ती हद्द आकड्यात सांगता आली पाहिजे.

तो आकडा काढणं अवघड नाही. नायट्रोजन आणि आर्गॉन यांतला फरक ०.०२. प्रत्येकी तीनच मापनं आणि त्यांतला चढउतार धरला, तर पंचाण्णव टक्के खात्रीने बोलायचं झाल्यास या फरकाला ०.०८ ची मुभा द्यावी लागते. म्हणजे खरा फरक जास्तीत जास्त मिलिलिटरमागे ०.१० मायक्रोग्रॅम असू शकेल. ३० मिलिलिटरला ३ मायक्रोग्रॅम, दोन तासांत. तेव्हा तासाला दीड मायक्रोग्रॅम, आणि खर्चलेल्या विजेच्या ०.७ टक्के. आधी तीन टक्क्यांचा दावा होता, त्याच्या जागी आता वरची मर्यादा आली. ‘आढळला नाही’ हे वाक्य पुढच्या माणसाच्या काही कामाचं नसतं. ‘०.७ टक्क्यांहून जास्त नाही’ या वाक्याशी तो आपला आकडा ताडून बघू शकतो आणि आपलं मापन याहून बारीक आहे का ते ठरवू शकतो.

या मर्यादेत एक नाराजीची गोष्टही आहे, ती लपवू नये. आर्गॉनखालचा अमोनिया इतका होता, की खरा अमोनिया थोडाफार असता तर तो दिसलाच नसता. मर्यादा ०.७ ला अडकली ती नायट्रेटच्या गोंधळामुळे, मोजण्याचं यंत्र कच्चं म्हणून नव्हे. हे लिहिलं की वाचणाऱ्याला आपोआप कळतं, की आधी नायट्रेट काढा, मग मर्यादा खाली येईल.

विद्यार्थिनीने तेही करून बघितलं. फेरिक क्लोराइडपासून तसाच उत्प्रेरक केला आणि नायट्रोजनखाली ०.१३ आकडा आला, म्हणजे विजेविना येणाऱ्या ०.१२ इतकाच. मार्गदर्शकांना ते पाहून हायसं वाटलं. ‘हे टाक निष्कर्षात, विषय संपला,’ ते म्हणाले. तिचं म्हणणं वेगळं पडलं: ‘सर, क्लोराइड वापरल्यावर भुकटीच बदलली असेल तर? शिल्लक क्लोराइड लोहाच्या पृष्ठभागाला चिकटून बसतं.’ तिची शंका रास्त होती. क्लोराइडचा प्रयोग एकटा काहीच सिद्ध करत नाही. आर्गॉनचे आकडे, एनएमआरची तीन शिखरं आणि धुवून काढलेलं नायट्रेट यांच्या जोडीला तो उभा राहतो तेव्हाच त्याला वजन येतं. निष्कर्षात तो चौथा साक्षीदार म्हणून यावा आणि त्याची उणीव त्याच वाक्यात यावी.

तिच्या प्रकरणातला मुख्य परिच्छेद साधारण असा उतरावा: ‘फेरिक नायट्रेटपासून बनवलेल्या लोह-कार्बन उत्प्रेरकावर आढळलेला अमोनिया नायट्रोजन वायूपासून तयार झालेला नाही. नायट्रोजन आणि आर्गॉन या दोन्हींखालचं प्रमाण मापनाच्या चढउताराच्या आत सारखं आहे आणि नायट्रोजन-१५ वापरल्यावर जड अमोनियम आढळला नाही. न वापरलेल्या उत्प्रेरकातून धुवून काढलेलं नायट्रेट विजेमुळे वाढलेल्या अमोनियाच्या प्रमाणाशी जुळतं. सदर परिस्थितीत नायट्रोजनपासून होणाऱ्या अमोनियाची वरची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला तासाला १.५ मायक्रोग्रॅम आहे. प्रकरण ४ मधला तीन टक्के कार्यक्षमतेचा आकडा आणि प्रकरण ५ मधलं ऱ्हासाचं स्पष्टीकरण यांमुळे मागे घेण्यात येत आहे.’

शेवटच्या वाक्यावर बरीच रस्सीखेच होते. पुष्कळांना वाटतं, प्रकरणं ४ आणि ५ गुपचूप पुन्हा लिहून टाकावीत, जणू पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक होतं. माझं मत उलट आहे. आकडे मुळात होते तसे ठेवावेत, त्या प्रकरणांच्या सुरुवातीला दोन ओळींची सूचना द्यावी आणि निष्कर्षात नावानिशी दुरुस्ती करावी. विजेविना केलेली चाचणी इथे का फसली, फेरीगणिक घटणारा आकडा ऱ्हासासारखा कसा दिसला, हा या प्रबंधातला सगळ्यांत उपयोगी भाग आहे. दुसऱ्या कुणाला पहिल्या फेरीत जास्त, तिसऱ्यात कमी असा उतरता अमोनिया दिसला, तर त्याच्या डोक्यात सगळ्यात आधी नायट्रेट यायला हवं. चुकीची वाटच पुसून टाकली तर ही खूण कुणापर्यंत पोचणार?

सकारात्मक मांडणी म्हणतात ती इथपर्यंतच. यापुढे एक मोह उभा असतो. नायट्रेटचा अमोनिया झाला ना? मग सांडपाण्यातलं नायट्रेट काढायचा उत्प्रेरक सापडला असं लिहिलं तर? या विषयावर जगभर काम चालू आहे, त्यामुळे वाक्य छापण्यासारखं दिसतं. पण तिने नायट्रेटचं ठरावीक प्रमाण घालून एकही प्रयोग केलेला नाही, नायट्राइट किती झालं ते मोजलेलं नाही, उत्प्रेरकाशिवाय नुसत्या कार्बनवर किती झालं असतं तेही माहीत नाही. ‘भविष्यातील संशोधन’ या मथळ्याखाली एक वाक्य, तेही प्रश्नाच्या रूपात, एवढंच तिच्या हक्काचं आहे. हरलेल्या प्रयोगातून जबरदस्तीने विजय काढण्याची ही ओढ परीक्षकांना लांबून ओळखू येते.

‘भविष्यातील संशोधन’ हा भाग एरवी पाट्या टाकल्यासारखा लिहितात: आणखी धातू तपासावेत, तापमान बदलून बघावं. अपयशी अभ्यासात मात्र तो सगळ्यांत नेमका असायला हवा, कारण कुठे खणून काही सापडलं नाही हे फक्त याच व्यक्तीला ठाऊक असतं. फेरिक नायट्रेट वापरायचंच असेल तर तापवल्यानंतर पाण्याने धुवून त्या पाण्यातलं नायट्रेट मोजा. विद्युत-प्रयोगाच्या आधी आर्गॉनखाली इलेक्ट्रोड चालवून घ्या, आकडा खाली स्थिरावेपर्यंत. जड नायट्रोजनचा सिलिंडरही शुद्ध आहे असं धरून चालू नका. बाजारात मिळणाऱ्या अशा वायूत जड अमोनियम आणि नायट्रेटची भेसळ असते हे २०१४ सालीच दाखवलं गेलं आहे, तेव्हा वायू आधी आम्लातून खेळवून धुवून घ्या. आम्ल अमोनिया अडवतं, नायट्रोजनचे ऑक्साइड त्यातून निसटू शकतात. त्यांच्यासाठी वेगळा सापळा लागतो. एवढ्या बारकाईने लिहिलेली दोन पानं पुढच्या विद्यार्थ्याचं निदान पहिलं वर्ष तरी वाचवतात.

कृतीचे तपशील इथे फार महत्त्वाचे. खुद्द हाबर-बॉशची गोष्ट याचीच आहे. बीएएसएफ कंपनीत अल्विन मिटाश यांनी १९०९ पासून हजारो मिश्रणं तपासली आणि त्यांतली बहुतेक निकामी निघाली. लोखंडाचे बरेच नमुने नापास होत असताना स्वीडनमधल्या एका खनिजाचा नमुना मात्र चालला. का चालला, हे शोधता आलं कारण आधीच्या नापास नमुन्यांत काय होतं आणि काय नव्हतं याच्या नोंदी होत्या. खनिजातल्या ॲल्युमिनासारख्या भेसळीने फायदा होतो, गंधकाने उत्प्रेरक मरतो, हे त्या नोंदींतूनच उलगडत गेलं. ‘नमुना क्रमांक अमुक, निष्क्रिय’ एवढंच वहीत असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं. म्हणून आपल्या विद्यार्थिनीच्या प्रबंधात भट्टीचं तापमान, तापवण्याचा वेळ, वायूचा वेग, फेरिक नायट्रेटच्या बाटलीचा बॅच क्रमांक हे सगळं यावं. यशस्वी उत्प्रेरकाची कृती लोक स्वतः करून पडताळतात. अपयशी उत्प्रेरकाची कृती सहसा पुन्हा कुणी करत नाही, तेव्हा लिहिलेलंच काय ते उरतं.

व्हायवाची भीती खोटी नाही. पण अनुभवी परीक्षकाला निकालाच्या चांगलेवाईटपणापेक्षा एकच गोष्ट तपासायची असते: उमेदवाराला आपल्या आकड्याची हद्द कळते का. ‘क्लोराइडच्या उत्प्रेरकावर नायट्रोजन-१५ची चाचणी का केली नाही?’ हा प्रश्न येणारच. सिलिंडर संपला होता हे उत्तर चालतं, पण ते त्या दिवशी तोंडी सुचण्याऐवजी निष्कर्षाच्या पानावर आधीच छापलेलं असावं, आणि त्यामुळे क्लोराइडबाबतचं विधान किती कमजोर राहिलं हेही तिथेच असावं.

प्रबंध जमा करण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे, ही अट विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांत होती. २०२२ च्या नियमांतून ती काढली गेली, जरी काही संस्था आपली अट चालू ठेवतात. नकारात्मक निकालाला नियतकालिकात जागा मिळणं कठीण, त्यामुळे अशा कामाला हा बदल मोलाचा आहे. भारतातले प्रबंध ‘शोधगंगा’ या सार्वजनिक संग्रहात जमा होतात, आणि तिथे शोधणारा माणूस शेवटच्या प्रकरणापर्यंत क्वचितच जातो; तो शीर्षक आणि सारांश वाचून पुढे सरकतो. म्हणून निष्कर्षातला आकडा सारांशाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत वर आणावा. शीर्षकही बदलून घ्यावं. नोंदणीच्या वेळचं ‘अमोनिया निर्मितीसाठी कार्यक्षम लोह-कार्बन उत्प्रेरकांचा विकास’ हे नाव आता खरं राहिलेलं नाही. ‘लोह-कार्बन उत्प्रेरकांवरील अमोनियाचा उगम: नायट्रेट अवशेषांचा परिणाम’ हे नाव चालेल. बदलाचा अर्ज, मार्गदर्शकांची सही, संशोधन समितीची मंजुरी यांत महिने जाऊ शकतात, तेव्हा शेवटचं प्रकरण लिहायला घेतल्या दिवशीच अर्ज टाकलेला बरा.